डांबराची खोली आणि चार महिन्यांचा किराया

इचोड्याला माझा फोटो स्टुडिओ होता. पुढे बसायची खोली, मागे फोटो धुवायची अंधारी खोली. रस्त्याचं काम चालू असताना एक ड्रम डांबर फुकटात मिळालं, तेव्हा मी ती मागची खोली आतून डांबरानंच रंगवली. काळोख असा झाला, की एकदा माझाच डावा हात मला अर्धा तास सापडला नाही.

घरमालक किराणा दुकानदार होते. बोलणं सावकाश, हिशेब त्याहून सावकाश. त्यांनी सहा वर्षांत ती खोली पाहिली नव्हती. पाहायला निघाले की मी दार अडवून उभा राहायचो. "काका, उजेड आत गेला तर फोटोतली माणसं उडून जातात जी! तुमच्या पोरीच्या सोयरिकीचा फोटो आतच हाय." काका दोन पावलं मागे सरायचे.

मग आदिलाबादला बसस्टँडजवळ एक मोक्याची जागा मिळाली. किराया इचोड्याएवढाच, पण तिथल्या मालकाला चार महिन्यांच्या किरायाइतका अडव्हान्स हवा होता, तोही पहिल्या तारखेच्या आत, नाहीतर जागा चपलेच्या दुकानाला जाणार होती. माझ्याजवळ पैसा नव्हता. होता तो सगळा काकांकडे, सहा महिन्यांच्या किरायाइतका अडव्हान्स म्हणून अडकलेला. म्हणून दुकानात गर्दी नाही असं पाहून मी काकांपुढे बसलो.

"काका, चार म्हैन्यांनी खोली खाली करून राह्यलो. हे चार म्हैने किराया देत नाही, अडव्हान्समधून कापा. उरलेलं जाताना द्या."

काकांनी तराजू पुसला. "काऊन? पैसा बुडवतो का मी?"

"नाही जी! वाचलेल्या किरायातून नवीन जागा धरतो. पहिल्या तारखेच्या आत तुमच्या सहीचा कागद दाखवून महिन्यामहिन्यानं देतो म्हणलं तर तिकडचा मालक ऐकते."

"मंग मला काय उरते? करंटचं बिल दोन म्हैन्यांनी येते. भितीत खिळे किती ठोकले तुमी?"

"चारच."

चारशे असतील. फोटोसोबत फ्रेमाही विकायचो मी.

आतून काकू ओरडल्या, "हो म्हणा, पर आधी मागची खोली दाखवा म्हणा!"

झालं. काका चप्पल घालून उठले. मी उजेडाची गोष्ट काढली, तर ते म्हणाले, "तुमी जाऊन राह्यले ना? मंग फोटो कोनाचे उडतात?"

दार उघडलं. काका आत गेले, ते लवकर बाहेरच येईनात. मला वाटलं हरवले. बाहेर आले तेव्हा बोटाला डांबर होतं.

"फोटोवाले, हे काय केलं?"

"चुना मारून देतो काका. दोन हातांत पांढरी."

त्या आठवड्यात मी त्या भिंतींवर जेवढा चुना मारला, तेवढ्यात आदिलाबादच्या वाटेवरच्या गुडीहत्नूरपर्यंतची सगळी घरं पांढरी झाली असती. पण सकाळी पांढरी दिसणारी भिंत दुपारी तपकिरी व्हायची, जसा काही आतून कोणी चहा सांडत होता. वाळला की चुना पापडासारखा खाली पडायचा. गवंडी बोलावला. तो हसून म्हणाला, "डांबरावर चुना राह्यते का भाऊ? पोपडा काढून नवीन प्लास्टर करा लागते."

काका बाजूलाच उभे होते. पहिली तारीख तीन दिवसांवर होती.

"ऐका," काका म्हणाले. "चार नाही, तीन म्हैने कापतो. चौथ्याचा किराया नगदी द्या. तीन म्हैन्यांचा पैसा माह्याकडे राहीन. प्लास्टर अन् बिल त्यातून. उरलं ते तुमचं."

"पण काका, तिकडं चार म्हैन्यांचे लागतात जी!"

"तिकडल्याला सांगा, एक म्हैना थांब. इचोड्याचा मालक सहा वर्षं थांबला म्हणा."

करारनाम्याच्या पाठीमागे त्यांनी डांबरासकट तेच लिहिलं, दोघांनी सही केली. मी आदिलाबादला जाऊन तो कागदच मालकापुढे ठेवला. तो उलटसुलट वाचून म्हणाला, "म्हैन्याला येक येक देता? चवथा उशीरानं चालंल. पर माह्या भितीला डांबर नको." त्याचा माझ्यापेक्षा माझ्या मालकावर भरवसा जास्त होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

चौथा महिना मी नगदी दिला. खोली सोडायच्या आधी गवंड्यानं पोपडा काढून प्लास्टर केलं. निघायच्या दिवशी काकांनी आणि मी सोबत उभं राहून मीटरचे आकडे वाचले. काकांनी प्लास्टरचे, खिळ्यांच्या भोकांचे आणि बिलाच्या अंदाजाचे पैसे कापले. भोकं त्यांनी मोजली होती. उरलेल्या नोटा माझ्या हातात ठेवल्या.

"मोजून घ्या."

"तुमच्यावर इतकाही भरवसा नाही का काका मला?" म्हणत मी ऐटीत नोटा खिशात घातल्या आणि बसमध्ये चढलो.

गुडीहत्नूर येईपर्यंत दोनदा मोजल्या. बरोबर होत्या.