बुधवारचा विषय बाजार

सिंधुबाईला फ्रेंच शिकायचं होतं आणि मोझेलबाईंना मराठी, एवढ्यावर दोघींचं जमलं. मोझेलबाई म्हणजे मादमोझेल पेरे. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, लोझान गावच्या. नाशिकच्या मिशन दवाखान्यात नर्सांवर देखरेख करायला त्या चौतीस साली आल्या, आणि ते लांबलचक नाव कुणाच्याच जिभेवर बसेना म्हणून आयाबायांनी त्यांची मोझेलबाई करून टाकली. त्यांनीही ते मुकाट्याने मान्य केलं.

सिंधुबाई त्याच दवाखान्यातली नर्स. बावीस वर्षांची, कामाला वाघीण, इस्त्री केलेला पांढरा एप्रन आणि पायात करकरणारे काळे बूट. लोझानच्या दवाखान्यात एका हिंदुस्थानी नर्सला वर्षभर शिकायला ठेवून घेणार होते. अट एकच, फ्रेंच बोलता आलं पाहिजे. मोझेलबाईंनी सिंधुबाईचं नाव कळवलंसुद्धा होतं.

दुपारची जेवणं झाली की दोघी व्हरांड्यात बसत. टेबलावर गजराचं घड्याळ. निम्मा वेळ मराठी, गजर झाला की उरलेला निम्मा फ्रेंच. मराठीच्या वेळात फ्रेंचचा शब्द काढायचा नाही, आणि उलटही तसंच. अडलं तर हातवारे करा, चित्र काढा, पण आपल्या भाषेत पळून जायचं नाही. उठताना दुसऱ्या दिवशीचा विषय ठरवायचा: स्वयंपाक, ताप, प्रवास. म्हणजे दोघी आपापले शब्द गोळा करून यायच्या.

सुरुवातीला सिंधुबाईने मोझेलबाईंना मिशनच्या शाळेतल्या मास्तरणीसारखं शिकवायला घेतलं. मोझेलबाई म्हणाल्या, “मी काल बाजारात गेला,” की ही लगेच ओरडायची, “चूक! चूक!” पाचव्या चुकीला मोझेलबाई लालबुंद झाल्या आणि गप्पच बसल्या. मग फ्रेंचची पाळी आली. सिंधुबाईने वय सांगितलं, तेही चुकीचं, कारण फ्रेंच लोक ‘मी इतक्या वर्षांची आहे’ असं म्हणत नाहीत, ‘माझ्याकडे इतकी वर्षं आहेत’ असं म्हणतात. मोझेलबाईंनी तिला मध्ये तोडलं नाही. वाक्य पुरं होऊ दिलं, आणि हसून तेच बरोबर करून परत म्हणाल्या, “अस्सं, तुझ्याकडे बावीस वर्षं आहेत!” सिंधुबाईने आपसूक ते पुन्हा म्हटलं. झालं, चूक सुटली आणि अपमानही झाला नाही. त्या दिवसापासून हीच रीत ठरली. बारीकसारीक चुका सोडून द्यायच्या, अर्थ बिघडवणारी एखादीच धरायची, आणि तीही बरोबर वाक्य परत म्हणून.

गाडं अडलं ते ‘माझं कुटुंब’ या विषयावर.

“तुझी आई काय करते?” मोझेलबाईंनी फ्रेंचमध्ये विचारलं.

खरं उत्तर लांब होतं. बाप पटकीने गेला, आईने सहा वर्षांच्या सिंधूला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं, आणि आई आता मखमलाबादेत लोकांच्या मळ्यात राबून दर बुधवारी गोदेकाठच्या बाजारात भाजी विकते. एवढं सांगायला भूतकाळ लागत होता, तो अजून यायचा होता. ‘मेली’ हा शब्द मात्र दवाखान्यात रोजचा. सिंधुबाई म्हणाली, “मा मेर ए मॉर्त.” माझी आई मेली आहे.

शब्द नव्हते, हे खरं. पण शब्द असते तरी तिने ते सांगितलं असतं का? नसतं. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, कानांवरून बांधलेलं, तंबाखूचा वास येणारं फडकं, ही आई लोझानच्या वाटेवर तिला नको होती. बोर्डिंगात पाहुणे आले की सगळ्या पोरींना अनाथच म्हणायचे. तिने तेच पुढे चालवलं. मोझेलबाईंनी वाक्यातली एकही चूक काढली नाही. नुसता तिचा हात दाबला आणि लोझानला पत्र लिहिलं, की ही मुलगी जगात एकटी आहे. तिथल्या बायकांना मुलीचा फार कळवळा आला, असं उत्तरही आलं. ते ऐकताना सिंधुबाईचं तोंड कडू झालं, पण तिने ते उघडलं नाही. तेव्हापासून विषय ठरवताना ती घरादाराकडे वळूच द्यायची नाही. हवा, फळं, आगगाडी!

एका मंगळवारी मोझेलबाई म्हणाल्या, “उद्या विषय बाजार. पण इथे नाही. तिथे.”

सिंधुबाईने ऊन सांगितलं, गर्दी सांगितली, शेवटी डोकं दुखतंय म्हणाली. मोझेलबाईंनी डोकेदुखीची पूड आणून दिली. बुधवारी टांगा केला. नियम असा, की मराठीचा वेळ संपेपर्यंत बोलणार मोझेलबाई; सिंधुबाईने मागे उभं राहायचं, कुणासाठीही दुभाष्याचं काम करायचं नाही.

नदीकाठी भाजीवाल्यांच्या रांगा लागल्या होत्या. सिंधुबाई छत्री खाली ओढून चालत होती. मोझेलबाईंनी वांगीवाली सोडली, मिरचीवाली सोडली, आणि उकिडव्या बसल्या त्या नेमक्या सिंधुबाईच्या आईच्या, कुसाबाईच्या मेथीसमोर.

“तुमचं नाव काय? गाव कुठलं?” पाठ केलेले प्रश्न सुरू झाले. कुसाबाई कौतुकाने उत्तरं देत होती. गोरी बाई मराठी बोलते म्हणून आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या.

“तुम्हाला मुलं किती?”

कुसाबाईने मान वर केली. मोझेलबाईंच्या खांद्यावरून तिला छत्री दिसली, एप्रन दिसला, काळे बूट दिसले. लेकीचं उतरलेलं तोंड दिसलं. क्षणभर तिचा चेहरा उजळला होता, तो तिने आवरून घेतला.

“नाय बाईसाहेब,” ती मेथीवर पाणी शिंपडत म्हणाली. “मला कोन नाय. एकटीच हाय मी.”

मोझेलबाईंना उत्तर पहिल्या झटक्यात कळलं. आनंदाने त्या मागे वळल्या. “सिंधु, ही एकटी आहे. तुझ्यासारखी!”

सिंधुबाईला कानशिलात बसल्यासारखं झालं. तिने आईला मारून टाकलं होतं, आणि आई आपल्या तोंडाने लेक नाकारून ते निस्तरत होती. सिंधुबाई पुढे आली. नियम मोडला. आईसमोर चिखलात गुडघे टेकले आणि रोजच्या रीतीप्रमाणे चुकीचं वाक्य हळूच बरोबर करून परत म्हटलं.

“मला एक मुलगी आहे. असं म्हण, आई.”

मराठीचा वेळ संपला का, हे मोझेलबाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलंसुद्धा नाही; सिंधुबाईनेच फ्रेंच सुरू केलं. लोझानचं काय व्हायचं ते होवो. “व्वाला मा मेर,” ती म्हणाली. “एल ने पा मॉर्त.”

मोझेलबाईंनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. मग मराठीतच म्हणाल्या, “मी नवीन पत्र लिहिते.” त्या पत्राचं काय होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“काय गं सांगितलंस त्यांना तू?” कुसाबाईने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. आईला फ्रेंच कुठे कळत होतं! पण सिंधुबाईने दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. “ही माझी आई. ती मेलेली नाही.”

कुसाबाईचे हात थांबले. “म्हंजे आधी मेलेली व्हते व्हय मी?”

सिंधुबाईला वर बघवेना. शेजारची मिरचीवालीही भाव सांगायची थांबली. कुसाबाईने दोन चांगल्या जुड्या निवडल्या, मुळांची माती झटकली आणि लेकीसमोर धरल्या.

“घे,” ती म्हणाली. “का मेलीच्या हातची नाय चालत?”

सिंधुबाईने पांढरा एप्रन दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि कुसाबाईने ओली मेथी त्यात टाकली.