भिंगूचं नाव कोणी काढलं?

लाँड्रीतल्या ताईंचा माणसांवर विश्वास कमी. गिऱ्हाईक म्हणालं, "शर्टाला सहा बटणं होती," तर ताई वहीत पाहणार, कारण कपडा घेतानाच त्यांनी बटणं मोजलेली असत. डाग कशाचा हे त्या वास घेऊन ठरवत, आणि गिऱ्हाइकाने सांगितलेलं कारण कधीच खरं धरत नसत. यात त्यांचं फारसं चुकायचं नाही. चुकलं ते एकदाच, आणि त्या वेळी त्यांनी सगळं घर उभं आडवं विंचरून काढलं.

लाँड्री तशी घरचीच. ताई कपडे घ्यायच्या आणि धुवायच्या, त्यांचे धाकटे दीर इस्त्री करायचे, आणि नवरा पोचवायला जायचा. पलीकडच्या खोलीत ताईंची आई बसून कपड्यांना खुणेच्या नंबरांच्या टाचण्या लावायची. कामाचा सगळा कारभार फोनवर, तिघांच्या एका ग्रुपमध्ये चाले. प्रत्येक कपड्याच्या खुणेचा नंबर आणि पुढे एकच अक्षर. 'भि' म्हणजे भिजत घातलंय, 'सु' म्हणजे सुकतंय, 'घ' म्हणजे घडी झाली, घेऊन जा. हाताला साबण असताना निबंध कोण लिहील?

फोनच्या कीबोर्डाला मात्र ताईंनी चांगलं वळण लावलं होतं. सुरुवातीला तो 'खळ' लिहिलं की 'खेळ' करायचा. डॉक्टरीणबाईंना एकदा निरोप गेला, "चादरीला खेळ दिला आहे." त्या विचारायला स्वतः आल्या. मग ताई हट्टाला पेटल्या. त्याने शब्द बदलला की मागे जायचं, आपलाच शब्द परत लिहायचा, आणि वरच्या पट्टीत आपला शब्द दिसला की त्यावरच बोट ठेवायचं. आठ-दहा वेळा केलं की पठ्ठ्या शिकायचा. 'परीटघडी' शिकला, 'रफू' शिकला, 'टोपीवाले आजोबा' शिकला. घाईत त्यांच्याच हातून 'परीटघजी' लिहिलं गेलं आणि त्याने तेही इमानेइतबारे पाठ केलं, तेव्हा तो शब्द पट्टीत दाबून धरून कचऱ्याच्या चित्रावर ओढून टाकायचा, हेही ताईंना येत होतं. एकदा टाकलं की गेलं. परत यायचं तर कोणीतरी परत परत लिहायलाच हवं. हा नियम ताईंना पक्का ठाऊक होता, आणि पुढचं सगळं रामायण या पक्केपणामुळेच झालं.

जुना फोन टबात पडला. चौकातल्या मोबाईलवाल्याने नवीन फोन चालू करून दिला. "खातं कोणतं टाकू?" असं त्याने विचारलं, तेव्हा ताईंनी डायरीच्या पहिल्या पानावरचा जुना ईमेल पत्ता आणि पासवर्ड दाखवला. दोन दिवस कीबोर्डाला पुन्हा 'खळ' शिकवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी ग्रुपवर टाकलं, "४२ भि", आणि दोरीकडे वळल्या.

आतून दिरांची इस्त्री थांबल्याचा आवाज आला. म्हणजे आवाजच थांबला.

"वहिनी," दीर दारात येऊन म्हणाले, "हे बेचाळीस नंबरचं काय लिहिलंय तुम्ही?"

ग्रुपवर लिहिलेलं होतं, "४२ भिंगू".

भिंगू म्हणजे ताईंची धाकटी बहीण. हे नाव त्या घरात सात वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. वडील शेवटचे आजारी असताना भिंगू दूरच्या शहरात नोकरीला होती. येते येते म्हणत राहिली, आणि आली ती सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी. ताईंनी दारातच सांगितलं, "आता कशाला आलीस? परत येऊ नकोस." ती उंबऱ्याबाहेरून गेली. त्या संध्याकाळी ताईंनी तिचा नंबर फोनमधून काढला, फोटो काढले, आणि घरच्यांना तंबी दिली की हिचं नाव काढायचं नाही. कोणी काढलं नाही. आणि आता कीबोर्डाने काढलं.

ताईंनी 'भि' लिहून पाहिलं. पट्टीत मधोमध 'भिंगू'. त्यांनी दाबून धरलं, कचऱ्यात टाकलं, आणि हात झटकले. दुपारी "५७ भि" लिहून पुढची जागा सोडली मात्र, अक्षरं टुणकन बदलून "५७ भिंगू".

ताईंचे डोळे बारीक झाले. परत आलं, म्हणजे कोणीतरी लिहितंय. आपल्या फोनवरून, आपल्या पाठीमागे, कोणीतरी तिच्याशी बोलतंय.

पहिला संशय नवऱ्यावर. त्याच्या फोनची बॅटरी कायम मरगळलेली, त्यामुळे पत्ता बघायला तो ताईंचाच फोन उचलायचा. शिवाय त्याला पूर्वीपासून मेव्हणीचा पुळका.

"अहो, खरं सांगा. तिला तुम्ही काय लिहिता?"

"कोणाला?"

"आव आणू नका."

"अगं, मी तुला 'पोचलो' एवढं लिहायला कंटाळतो. तुझ्या बहिणीला कशाला लिहू?"

हे खरं होतं, पण पटण्यासारखी गोष्ट सांगणारा माणूस ताईंना जास्तच संशयास्पद वाटे. त्यांनी फोनला नवा आकडी पासवर्ड घातला आणि फोन कंबरेच्या पिशवीत ठेवून धुणं धुतलं. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे पासवर्ड टाकताना कोणीतरी पाहिलं. मग दिरांची पाळी. दीर बिचारे इस्त्री टेकवून म्हणाले, "वहिनी, माझं सोडा. ग्रुपवर नाव तर तुमच्याच फोनवरून येतंय. आम्हा दोघांना वाटलं, तुमचंच मन फिरलं आणि तुम्हाला बोलता येत नाहीये."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. माझं मन? माझं?

आता राहिली आई. हे तिचंच काम, अशी ताईंना आता खात्रीच झाली होती. दुपारी चहाच्या वेळी आई एकटीच असे, आणि फोन चार्जिंगला तिच्या उशाशीच असे.

"आई, माझ्या फोनवर भिंगूचं नाव तू लिहितेस?"

सात वर्षांनी ते नाव ताईंच्याच तोंडून बाहेर पडलं. आईच्या हातातली टाचणी तशीच राहिली.

"मी नाही गं. मला त्या बारीक अक्षरांवर बोट कुठे धरता येतं?" मग ती म्हणाली, "येतं का त्यात तिचं नाव? दाखव बरं. कसं दिसतं?"

ताईंनी दाखवलं नाही. फोन पिशवीत कोंबला आणि बाहेर येऊन दोन चादरी अशा आपटल्या की शेजारच्याने खिडकी लावून घेतली. आईने डोळ्यांत पाणी न आणता विचारलं होतं, याचाच त्यांना जास्त राग आला होता.

उरला मोबाईलवाला. फोनला पहिला हात त्याचाच लागला होता. ताई तशाच ओल्या पदराने चौकात गेल्या.

"या फोनमध्ये तुम्ही काय घुसवून ठेवलंय? शब्द टाकून देते तर परत येतो. रोज टाकते, रोज येतो."

"कुठून टाकता?"

ताईंनी पट्टीत दाबून ओढून दाखवलं.

"ते बरोबर आहे," मोबाईलवाला म्हणाला, "पण ते ऐकीव शब्दांना चालतं. म्हणजे तुमचं बघून बघून तो जे आपणहून शिकला, ते तिथून जातं. कोणी मुद्दाम हाताने लिहून दिलेले शब्द वेगळ्या यादीत असतात. तिथून काढेपर्यंत ते येतच राहणार."

"हाताने कोणी लिहून दिलं? तेच तर शोधतेय मी!"

त्याने सेटिंग उघडलं, कीबोर्ड, मग शब्दकोश, मग वैयक्तिक शब्दकोश, मग मराठी. "यादी जुनी दिसते. या फोनवर बनलेली नाही. तुम्ही जे खातं दिलंत ना, त्याच्यातून दोन दिवसांनी उतरलीय. टबात पडलेल्या फोनवर हे खातं नसणार."

नव्हतंच. तो फोन नवऱ्याच्या खात्यावर चालू केलेला. डायरीतलं खातं त्याच्याही आधीच्या फोनचं, वडील होते तेव्हाचं.

यादीत दोनच नोंदी होत्या. पहिली, 'भिंगू', आणि शेजारी आखूड खूण, 'भि'. ताईंना आठवलं. कीबोर्ड सारखा भिंगूचं 'भिंग' करायचा आणि ती उलट लिहायची, "ताई, मी काय काच आहे?" म्हणून एके दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून, शेजारच्या बाईला विचारून विचारून, ताईंनी हे नाव स्वतःच्या बोटाने यादीत घातलं होतं. तेव्हा लाँड्री नव्हती आणि 'भि'चा दुसरा काही अर्थही नव्हता.

दुसरी नोंद लांब होती. खूण 'लये', आणि समोर अख्खं वाक्य, 'भिंगू, लवकर ये, बाबा विचारतात.'

दिवसातून इतक्या वेळा लिहावं लागायचं की ताईंनी त्याची तीन टिचक्यांत सोय करून ठेवली होती.

"काढून टाकू दोन्ही?" मोबाईलवाल्याने विचारलं. "इथे कचऱ्याच्या चित्रावर दाबलं की कायमचे गेले."

ताईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "राहू दे," म्हणाल्या. "मला येतं."

घरी येईपर्यंत त्यांनी चोर कोण हे तीनदा मनात म्हणून पाहिलं. लाज वाटत होती, नवऱ्याची, दिरांची, आईची सगळ्यात जास्त. आणि भिंगूवरचा रागही गेला नव्हता. इतक्यांदा बोलावूनही ती आली नव्हती, हे यादीत ढळढळीत लिहिलेलं होतं. पण इतक्यांदा बोलावलं होतं, हे ताई साफ विसरल्या होत्या. फक्त 'परत येऊ नकोस' तेवढं लक्षात ठेवलं होतं.

आई खाटेवर टाचण्या लावत होती. ताई शेजारी बसल्या, 'भि' लिहिलं आणि फोन आईसमोर धरला. आईने चष्मा पुसला, अक्षर अक्षर लावून वाचलं.

"कोणी शिकवलं गं याला?"

"मीच."

आईने टाचण्यांची डबी बाजूला ठेवली आणि दहा आकडे म्हटले, एका दमात, पाढा म्हणावा तसे. भिंगूचा नंबर ती शेजारणीच्या फोनवरून किती वर्षं लावत होती कोण जाणे. म्हणजे ताईंचा संशय अगदीच खोटा नव्हता, पण त्या क्षणी तो मिरवावा असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी मुकाट्याने आकडे टिपले.

मग 'लये' लिहिलं. अख्खं वाक्य धावत आलं. ताईंनी 'बाबा विचारतात' एकेक अक्षर करून खोडलं, तिथे 'आई विचारते' लिहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग तेही खोडलं, 'मी वाट बघते' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

पलीकडून दिरांनी हाक मारली, "वहिनी, त्रेसष्ट नंबर भिजत घातलाय का?"

"घालते," ताई म्हणाल्या. पण फोन ठेवून त्या काही उठल्या नाहीत.