गाईड बदलून मागताना

त्या माणसाचा मला अजून राग येतो. इतकी वर्षं झाली, लोक म्हणतात आता सोडून दे. मी सोडून दिलेलं नाही.

मी संस्थानी मुलखातल्या गोरेगावकडच्या शेतकरी घरातला. आमच्या शिवाराला लागून एक तांडा होता. तिथली माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखोमुलखी न्यायची. त्या फिरत्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. आगगाडी आली आणि लदेणी बुडाली, तेव्हा ते शेतीला लागले. एम.ए. झाल्यावर संशोधनासाठी मी हाच विषय घेतला. विद्यापीठ वऱ्हाडापलीकडं, ब्रिटिश मुलखात होतं. त्याचं नाव सांगत नाही. इतिहास विभागातले एक प्राध्यापक माझे मार्गदर्शक नेमले गेले. मोठं नाव, मोठं ग्रंथालय, आणि बोलणं असं की आपण लोण्यासारखे होऊन जावं.

सुट्टीत मी तांड्यावर जाऊन बसायचो. तिथले नाईक, म्हणजे तांड्याचे म्होरके, तेव्हा सत्तरीच्या पुढं असतील. लहानपणी ते बापाबरोबर शेवटच्या लदेणीला गेले होते. एकेक मुक्काम त्यांना पाठ होता. कुठं पाणी, कुठं चारा, कुठल्या गावचा पाटील मीठ घेऊन जोंधळा द्यायचा. मी चार वह्या भरल्या. परत जाताना कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीवाल्यानं, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातवाल्यानं, मोटारीतून उतरवून माझी पेटी उघडली, वह्या उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि विचारलं, "इसमें क्या माल है?" मी म्हटलं, "नुसतं लिहिलेलं आहे." त्यानं वह्या परत आत टाकल्या.

त्या वह्या मी प्राध्यापकांना वाचायला दिल्या. मार्गदर्शकाला द्यायच्याच असतात. आठ महिने त्यांच्याकडंच होत्या. विचारलं की म्हणायचे, "वाचतोय. घाई करू नका."

मग एक दिवस ग्रंथालयात एका त्रैमासिकाचा नवा अंक आला आणि त्यात त्यांचा लेख होता. लदेणीच्या वाटांवर. मी उभ्याउभ्याच वाचला. मुक्काम माझे, क्रम माझा, नाईकांनी सांगितलेले भाव माझे. माझं नाव कुठंच नव्हतं. नाईकांचंही नव्हतं. वर एक पुरावा त्यांनी स्वतःच ठेवला होता. एक मुक्काम पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर होता आणि मी तो चुकून अलीकडं लिहिला होता. माझ्या कच्च्या टिपणात मी ते नंतर दुरुस्त केलं, वहीत करायचं राहिलं. लेखात तो मुक्काम अलीकडच्याच काठावर होता.

तेवढ्यावर कदाचित मी गप्प बसलो असतो. विद्यार्थ्याचं काम साहेबांच्या नावावर जाणं तेव्हा नवीन नव्हतं. पण मग पुढचं पान वाचलं. नाईकांनी मला सांगितलं होतं की तांडा पहाटे, उजाडायच्या आत हलायचा, कारण ऊन चढलं की लादलेले बैल चालत नाहीत. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की हे लोक मुद्दाम अंधारात वाट चालत, कारण उजेडात ओळखले जाण्याची भीती होती. चोरी हा त्यांचा व्यापाराइतकाच जुना धंदा. ज्या काळात ब्रिटिश मुलखात त्यांच्या जातभाईंना गुन्हेगार ठरवून पोलिसांपुढं हजेरी द्यायला लावत होते, त्या काळात एक प्राध्यापक असं लिहितो, आणि कशाच्या आधारावर? माझ्या वहीच्या.

त्याच दुपारी मी खोलीवर बसून तीन पानी अर्ज लिहिला. चोरी, विश्वासघात, खोटेपणा, सगळे शब्द घातले. मागणी एकच: मार्गदर्शक बदलून द्यावा. तो घेऊन मी विभागप्रमुखांकडं गेलो. हे गृहस्थ वयस्क, दम्यानं बेजार, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी तीनही पानं वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यातलं किती खरं आहे?"

"सगळं."

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले. "पण हा अर्ज नाही. ही तक्रार आहे."

"मग तक्रार समजा."

"समजतो. आता ऐका. तक्रार आली की चौकशी समिती नेमायची. समितीवर कोण? संशोधन मंडळातले लोक. त्या मंडळावर तुमचे गाईड स्वतः आहेत. ते बाजूला बसतील, पण बाकीचे त्यांचे स्नेही आहेत. ते म्हणतील, वह्या कुठं आहेत? वह्या त्यांच्याकडं. निकाल लागेपर्यंत तुमचं नाव त्यांच्याच हाताखाली राहणार. तुमची मुदत थांबत नाही. वर्ष जाईल."

"म्हणजे त्यांनी चोरी करायची आणि मी तोंड बंद ठेवायचं?"

"मार्गदर्शक बदलायला काय लागतं ते सांगतो. तुमचा अर्ज. त्यावर आताच्या मार्गदर्शकांची हरकत नसल्याची सही. नव्या मार्गदर्शकांचं संमतिपत्र. माझी शिफारस. मग रजिस्ट्रारमार्फत तो मंडळापुढं जातो. विषय तोच राहिला तर झालेली दोन वर्षं धरली जातात. विषय बदलला तर पहिल्यापासून नोंदणी. आता सांगा, या तीन पानांवर ते सही करतील?"

मी ती तीन पानं परत उचलली. त्यांच्यावरही मला राग आला होता, कारण ते बरोबर बोलत होते.

नव्या मार्गदर्शकांचं नावही त्यांनीच सुचवलं. अर्थशास्त्राकडले एक अध्यापक होते, जुन्या बाजारपेठांवर काम केलेले. मी त्यांना भेटलो, काय घडलं ते सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "परत तांड्यावर जायची तयारी आहे?" आणि संमती लिहून दिली.

मग अर्ज. तो इंग्रजीत होता, प्रमुखांनी शेजारी बसवून लिहून घेतला. मराठीत सांगायचं तर असा: अभ्यास पुढं जाताना विषयाचा कल व्यापार आणि वाहतूक यांकडे अधिक झाला आहे, त्या अंगाचे मार्गदर्शन अमुक अध्यापकांकडून मिळाल्यास काम वेळेत पुरे होईल, विषय तोच राहील. इथवर मी मुकाट्यानं लिहिलं. पुढं ते म्हणाले, "लिहा, आजवर लाभलेल्या मार्गदर्शनाबद्दल मी अत्यंत ऋणी आहे."

मी टाक खाली ठेवला. "ऋणी लिहिणार नाही."

"रिवाज आहे."

"असू दे. नोंदणी रद्द झाली तरी चालेल. तो शब्द माझ्या हातून उमटणार नाही."

माझा आवाज बाहेर कारकुनापर्यंत गेला असावा, कारण त्यानं डोकावून पाहिलं. प्रमुखांनी हातानं त्याला जायला सांगितलं. मग म्हणाले, "बरं. 'दोन वर्षे त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले' एवढं लिहा. हे तर खोटं नाही?"

"नाही."

"आणि आता शेवटची ओळ नीट लिहा. 'कामात खंड पडू नये म्हणून आजवर जमा केलेली टिपणे व वह्या नव्या मार्गदर्शकांकडे सोपवण्याची व्यवस्था व्हावी.'"

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी मात्र माझ्याकडं पाहिलं नाही. "मंडळाच्या ठरावात हे वाक्य आलं की वह्या द्याव्याच लागतात," ते म्हणाले. "आणि त्या तुमच्या होत्या हेही कागदावर येतं."

सही आणायला मी प्राध्यापकांच्या घरी गेलो. ओसरीत वेताच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"कल बदलला म्हणता?"

"होय."

"लेख वाचलात वाटतं माझा."

"वाचला."

"कसा वाटला?" त्यांनी हसून विचारलं.

मी म्हणालो, "एक मुक्काम नदीच्या चुकीच्या काठावर आहे."

हसू तसंच राहिलं, पण त्यांनी पुन्हा शेवटच्या ओळीवर नजर फिरवली. नाही म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. नाही म्हटलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. त्यांनी सही केली आणि वर म्हणाले, "तुम्हा लोकांना फार लवकर सगळं कळतं." तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. अर्ज उचलून मी ओसरी उतरलो.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत अर्ज मंजूर झाला. महिन्याभरानं शिपाई वह्या घेऊन आला. तीनच. चौथी सापडत नाही, असा निरोप. चौथीतच भाव आणि पाटलांशी होणारी देवघेव होती. प्रमुखांनी स्मरणपत्रं पाठवली. वही आली नाही.

म्हणून मी पुन्हा गावी गेलो आणि तांड्यावर गेलो. नाईक खाटेवर बसून दोर वळत होते. मी सगळं सांगितलं. लेखातलं ते वाक्यही मराठी करून सांगितलं, लपवलं नाही.

त्यांचे हात थांबले. "आमी चोर म्हणून अंधारात जायचो, असं छापलं?"

"व्हय, बाबा."

"अन् हे तुला म्या सांगितलं?"

"तुमी न्हाई सांगितलं. त्यानं मनानं घातलं."

"पण वही तुझी." ते ओरडले नाहीत. "तू माझं बोलणं लिहून नेलं. नेताना मला काहून वाचून न्हाई दाखवलं? कुठं घेऊन चाललास, कोन वाचनार, काही सांगितलं का?"

प्राध्यापकावरचा राग घेऊन मी तिथं गेलो होतो, आणि त्यातला वाटा माझ्याच पदरात पडला. दोन वर्षं मीही त्यांचं घेऊनच गेलो होतो. लेखात त्यांचं नाव नव्हतं म्हणून मी चिडलो. माझ्या वह्यांवर तरी कुठं होतं?

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज जाऊन बसायचो. चौथ्या दिवशी म्हणाले, "लिही. पन पान भरलं की वाचायचं. मला बराबर वाटलं तरच पुढचं." तसंच केलं. वाचताना त्यांनी कितीतरी ठिकाणी मला थांबवलं. पहिल्या वह्यांत माझ्या आणखी चुका होत्या, नदीच्या काठाहून मोठ्या. एका बाईनं तांडा चालवला होता, तिला मी पुरुष करून टाकलं होतं.

प्रबंधात मी त्या लेखातली चूक दाखवली. नव्या मार्गदर्शकांनी माझा परिच्छेद कापून एका तळटीपेवर आणला: या मताला उपलब्ध माहितीत आधार आढळत नाही. मी भांडलो. ते म्हणाले, "आधार आढळत नाही, यापेक्षा संशोधकाला मोठी शिवी नसते." मला तेव्हा पटलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक परीक्षक आले होते. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी कागद चाळत त्यांनी सहज विचारलं, "मध्येच मार्गदर्शक का बदललात?"

प्रमुख खोकले. नवे मार्गदर्शक खिडकीकडं बघायला लागले. अर्जातलं वाक्य मला तोंडपाठ होतं.

मी म्हणालो, "माझ्या आधीच्या मार्गदर्शकांनी माझी वही स्वतःच्या नावावर छापली, आणि ज्यांनी मला माहिती दिली त्यांना चोर ठरवलं."

परीक्षकांनी विचारलं, "हे अर्जात लिहिलं होतं?"

"नाही."

"बरं केलंत," ते म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.

मला पदवी मिळाली. माझं उत्तर कुठं नोंदलं गेलं नाही. प्राध्यापक पुढं मंडळाचे अध्यक्ष झाले आणि तो लेख अजून ग्रंथालयात आहे. मुलं त्याचे दाखले देतात. माझ्या प्रबंधाची एकच प्रत विभागाच्या कपाटात आहे, आणि पहिल्या पानावर नाईकांचं पूर्ण नाव आहे. ती मागायला फारसं कुणी येत नाही.