सुवाच्य पोस्टकार्ड

नोकरी सोडून मी डोंबिवलीत घरीच लेबलं, पाट्या करायचो तेव्हाची गोष्ट. नौपाड्यातल्या एका फराळाच्या दुकानाला मी काम मागायला पोस्टकार्ड टाकलं. पाकिटात घालायचं सुचलंच नाही. अक्षर मात्र ठसठशीत काढलं, म्हणजे कामाचा नमुनाही जाईल, ही माझी अक्कल. लिहिलं, ‘तुमच्या चकलीच्या पिशवीवर पेनने घातलेली तारीख तेलकट हाताने पुसली जाते आणि माल शिळा वाटतो. तारखेचं कागदी लेबल मी करून देईन.’

आठवड्याने दुकानात गेलो. पिशव्यांच्या तोंडाशी तारखेच्या चिठ्ठ्या स्टेपल केलेल्या दिसल्या. खूश होऊन मी कोण ते सांगितलं.

“तुमचं बरोबरच होतं,” वजन करता करता मालकीणबाई म्हणाल्या. “पोस्टमनने कार्ड काउंटरवर ठेवलं तेव्हा मी आत तळत होते. अक्षर छान आहे हो तुमचं. ‘माल शिळा’ लांबूनही वाचता येत होतं. गिऱ्हाइकांचं वाचून झालं, मग मी वाचलं.”

मी पाव किलो चकली मागितली. त्यांनी आधी चिठ्ठीवरची तारीख मला दाखवली, मग पिशवी दिली.