गिरिजा टीचरचा चोविसावा विद्यार्थी

"मेष्ट्रे, माझ्या वर्गात काय चाललंय ते भिंतीला कान लावून ऐकू नका!"

"भिंत कुठाय बाई? लाकडी फळी आहे! पलीकडे तुम्ही टुणकन उडालात की अलीकडे माझा खडू मोडतो."

"मी उडत नाही, मुलं उडतात. मी उडाले तर कौलं उतरतील."

चौथीची मुलं खुदकन हसली. शेजारी सातवीला शिकवणारे शांतवीरप्पा मेष्ट्रे, म्हणजे मास्तर, मात्र दारातच उभे राहिले. सिरसीजवळच्या त्या कन्नड शाळेत त्यांचा वर्ग म्हणजे देवळाचा गाभारा.

"ते काही नाही. तो धिंगाणा बंद करा, नाहीतर ती रेवती, सगळ्या गोंधळाचं मूळ, तिला व्हरांड्यात बसवा. तास संपला की मी हेडमास्तरांकडे जाणार. ते माझं ऐकतात, तुम्हाला ठाऊक आहे."

गिरिजाला ठाऊक होतं. व्हरांड्यात बसवलेलं मूल पुढच्या वर्षी शाळेतच दिसत नाही, हेही ठाऊक होतं. कारण अशी दोन मुलं तिनं स्वतः बसवली होती. तेव्हा तीही गाभाराच चालवायची.

मग तालुक्याला प्रशिक्षण झालं. मुलांचं लक्ष टिकत नाही, या विषयावर एका साहेबांनी अख्खी सकाळ भाषण दिलं. गिरिजा पाणी प्यायला उठली, पदर सारखा करायला उठली, पुन्हा पाणी प्यायला उठली आणि शेवटी शेजारणीच्या खांद्यावर घोरली. पन्नाशीची बाई बसू शकत नाही आणि नऊ वर्षांच्या पोरीनं बसावं म्हणून आपण छडी आपटतो, हे तिला बसमध्ये सुचलं. बसमध्येही ती उभीच होती.

तिनं धड्याचे तुकडे पाडले. थोडं शिकवायचं, उठवायचं, पुन्हा थोडं. पण हुशारी नडली. जी रांग गप्प बसेल तिलाच उठायला मिळेल, असा नियम केला. झालं! ज्यांना गरज नाही ती मुलं शहाण्यासारखी उठून आळस देऊ लागली, आणि रेवती बाकाला खिळलेली, बाक कुरतडत. तहानलेल्याला म्हणायचं, आधी तहान नाही असं दाखव, मग पाणी देते! नियम मोडीत काढला, सगळ्यांना उठवलं, तर दुसरी हुशारी: मनसोक्त उड्या. त्यानंतर मुलं जागेवर आलीच नाहीत, टीचरचाच दम परत यायला अर्धा तास लागला.

"मेष्ट्रे," ती आता म्हणाली, "तुमची पोरं गणितं सोडवतायत ना? मग बसा मागं. एकदा बघा आणि खुशाल जा हेडमास्तरांकडे."

मेष्ट्रे बसले. चौथीच्या बाकात गुडघे मावेनात.

गिरिजानं फळ्यावर भागाकार मांडला. बाकी म्हणजे काय, ते सुपाऱ्या वाटून दाखवलं. मुलं ऐकत होती. इतक्यात ती म्हणाली, "उठा!"

"अहो, आत्ता कुठं गप्प बसलीत!"

"म्हणूनच. उधळल्यावर उठवलं तर ती पळापळ. पोरांनो, तेवीस जण आहात. पाच-पाचचे गट करा."

बाकं सरकली, चार गट झाले, तिघं उरली. उरलेल्यांत रेवती. "बाकी तीन," ती ओरडली.

"सहा-सहाचे?"

पुन्हा धावपळ. तीन गट. बाकी पाच, आणि रेवती पुन्हा उरलेल्यांतच. तिनं डोकं खाजवलं, मागं पाहिलं.

"टीचर! मेष्ट्रेंना धरलं तर चोवीस! सहाचे चार! कुणीच उरत नाही!"

भागाकाराच्या तासाला या पोरीनं आजवर उत्तर दिलं नव्हतं. नुसते खिडकीचे गज मोजले होते.

"या ना मेष्ट्रे," ती म्हणाली. "तुमच्यावाचून आमची बाकी उरते."

मेष्ट्रेंनी गिरिजाकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. अखेर ते बाकातून सुटले, गुडघ्यांतून कट्ट आवाज आला आणि ते रेवतीच्या गटात जाऊन ताठ उभे राहिले.

"आता तळवे भिंतीला. जोरात ढकला. सावकाश श्वास. सोडा," गिरिजा हळू आवाजात म्हणाली. मेष्ट्रेंनीही फळी ढकलली. पलीकडे सातवीत कुणीतरी ओरडलं, "भूत!"

"टाळी वाजली की जागेवर, आणि लगेच पुढचं गणित."

टाळी वाजली. रेवती बसली आणि पाटीवर वाकली. बसली म्हणजे एक पाय हलत होता, पण पेन्सिलही हलत होती.

घंटा झाली. मेष्ट्रेंनी धोतराचा सोगा झटकला.

"मग मेष्ट्रे," गिरिजानं विचारलं. आवाज सहज ठेवायचा होता, तो नेमका चिरकला. "हेडमास्तरांकडे निघालात?"

मेष्ट्रे दारापर्यंत गेले. हेडमास्तरांची खोली उजवीकडं होती. ते डावीकडं वळले, आपल्या वर्गाकडं.