लॉबीतला नऊ हजारांचा मानकरी

ऑफिसात त्याचं नाव स्टोव्ह पडलं होतं. आधी नुसती सूंसूं, मग भडका. त्याची बायकोसुद्धा दार उघडण्याआधी म्हणे कानोसा घ्यायची.

त्या दिवशी सकाळपासूनच सूंसूं चालू होती. औषधाच्या वेळेला फोन वाजवणारं अ‍ॅप तो बनवायचा. संध्याकाळी नवी आवृत्ती जायची होती आणि तपासायला वेळ एकाच दुरुस्तीपुरता. कुठली, ते ठरवायला मॅनेजरने क्रॅशलिटिक्स भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. अ‍ॅप कुठे बंद पडलं याचे अहवाल ते गोळा करतं आणि एकाच जागी अडखळलेल्यांचा एक गठ्ठा बांधतं.

“पहिला गठ्ठा, नऊ हजार वेळा! हाच आधी.”

“सर, शेजारचा आकडा वाचा की. वापरकर्ते किती?” स्टोव्हने विचारलं.

“एक.”

“एकटा नऊ हजार वेळा आपटतोय. माणूस आहे की काचेवरची माशी?”

टेस्टर ताईंनी अहवाल उघडला. “अरे, हा आपल्या लॉबीतला टॅब्लेट! त्यात जुनी आवृत्ती आहे. पडला की आपोआप परत उघडतो.”

“आणि हा सातवा बघा,” स्टोव्ह म्हणाला. “चारशे वेळा, माणसंही जवळपास तेवढीच. सगळी सध्याच्या आवृत्तीवर. फोन बंद करून चालू केला की गजर परत लावताना अ‍ॅप मरतं. मागच्या मागे. पडद्यावर काही दिसत नाही.”

“मग एकही तक्रार कशी नाही?”

“न वाजलेल्या गजराची तक्रार कोण करणार? अहवालसुद्धा पुढच्या वेळी अ‍ॅप उघडलं तरच येतो. उघडलं की गजर पुन्हा लागतात, म्हणून हे चारशे सुटले. बाकीचे रक्तदाबाची गोळी विसरून गजराची वाट बघत बसलेत!”

“ते खरं रे. पण वरच्यांना आलेख दाखवायचाय. नऊ हजार खाली यायला हवेत.”

झालं, भडका. स्टोव्ह ताडताड जिने उतरला, लॉबीतला टॅब्लेट बंद केला, वायरीसकट उपसला आणि मॅनेजरपुढे आदळला.

“घ्या. आले खाली.”

मॅनेजरने टॅब्लेटकडे पाहिलं, मग आलेखाकडे. “बरं. मग सातवा घे.”

चारशे माणसांचं ऐकून न हललेला गडी आलेख सावरल्यावर हलला! स्टोव्ह दुपारभर कीबोर्ड बडवत होता. ताई एकेक फोन बंद-चालू करून गजर वाजतोय का बघत होत्या. संध्याकाळी आवृत्ती गेली.

पुढच्या बैठकीत पहिल्या गठ्ठ्याची सपाट रेघ बघून वरच्यांनी टाळ्या वाजवल्या. सातव्याचं नावही निघालं नाही.

“टाळ्या कशाला? प्लग काढल्याबद्दल?” तो जागेवर येऊन धुमसला.

“दुरुस्ती गेली ना? मग शांत हो की,” ताई म्हणाल्या.

“जुन्या आवृत्तीवर अजून माणसं आहेत, ताई.”

त्याने सातवा गठ्ठा उघडला. नव्या आवृत्तीतून एकही अहवाल नव्हता. जुन्यातले मात्र येतच होते. म्हणजे कुणीतरी आत्ताच अ‍ॅप उघडलं होतं, त्याचे गजर परत लागले होते. आकडा एकाने वाढला की त्याची सूंसूं तेवढ्यापुरती थांबायची.