दोन बोटं जास्त

घरी तिला सगळे ‘हिशेबनीस’ म्हणत. परदेशी शिकायला गेली तरी खोड गेली नाही. बाबा शिंपी. प्रत्येक कपड्यात ते आत दोन बोटं कापड जास्त ठेवायचे. या सत्राच्या फीला त्यांनी थोडे जास्त पाठवू का विचारलं, तर तिने ऐकून घेतलं नाही. नेमका आकडा कळवला आणि वर बजावलं, एक पैसाही जास्त नको.

पैसे आले. तिने कॉलेजला परस्पर खात्यातून फी घ्यायला सांगितलं आणि निर्धास्त झोपली. खात्यात डोकावायची गरजच काय, हिशेब तिचाच होता!

चौथ्या दिवशी सकाळी कॉलेजचं पत्र आलं: फी परत आली आहे, आज पाचपर्यंत भरा, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की या देशात राहायचा परवानाही जाणार. ती तशीच बँकेत धावली.

बँकेतल्या बाईंनी कागद पुढे सरकवला. पैसे येताना मधल्या एका बँकेने आपल्या कमिशनचे पंचवीस डॉलर कापून घेतले होते. खात्यात तेवढेच कमी, आणि अर्धीमुर्धी फी खात्यातून निघत नाही, पूर्णच्या पूर्ण परत जाते. त्यावर बँकेचा दंड पंधरा, कॉलेजचा तीस. एकदा परत आली की कॉलेज पुन्हा खात्यातून घेत नाही. कार्डाची रोजची मर्यादा फीच्या निम्मीसुद्धा नव्हती. राहिला बँकेचा ड्राफ्ट, त्याचे दहा. एकूण ऐंशी हवे होते. भाडं भरून तिच्याकडे काही उरलं नव्हतं आणि ग्रंथालयातला पगार शुक्रवारी.

घरून मागवले तर दोन दिवस लागले असते. आजवर तिने कुणाकडे उसनी साखरही मागितली नव्हती. दुपारी खोलीत आली, शेजारच्या पलंगावरच्या नर्सिंगवालीसमोर उभी राहिली आणि मान खाली घालून ऐंशी मागितले.  त्या मुलीने पर्स उघडून शंभर काढले, कशाला तेही विचारलं नाही.

रोख रक्कम बँकेच्या काउंटरवर भरली, ती लगेच जमा झाली. ड्राफ्ट कॉलेजच्या नावाने निघाला. त्याच्या मागे तिने आपला विद्यार्थी क्रमांक लिहिला, नंबर तपासला, पुन्हा तपासला. सव्वाचारला फीच्या खिडकीवरच्या कारकुनाने पावतीवर शिक्का मारला, संगणकात नोंदणीवरची थकबाकीची खूण काढली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेरच्या बाकावर बसून तिने घरी फोन लावला. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाबांनी शिलाईचं मशीन थांबवलं.

“पुढच्या वेळी थोडे जास्त पाठवा, बाबा.”

“किती?”

या वेळी तिने आकडा काढलाच नाही.

“तुम्हाला वाटेल तेवढे.”

“बरं,” बाबा म्हणाले. आवाज असा खूश, जणू तिनेच त्यांना काहीतरी पाठवलं होतं. मग मशीन पुन्हा सुरू झालं.